हप्ता फिटला म्हणजे धंदा चालला, हे खरं नाही

सातारा-सांगलीकडे बचत गटांच्या उद्योगाची चर्चा निघाली की एक दावा हमखास पुढे येतो: गटांची परतफेड उत्तम आहे, म्हणजे त्यांचे उद्योगही उत्तम चालले आहेत. परतफेड उत्तम असते हे मला मान्य आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि या चुकीची किंमत गटातल्या बायका आपल्या बचतीतून मोजतात.

आपल्या भागातला सर्वांत ओळखीचा उद्योग घेऊ, कांदा-लसूण चटणीचा. समजा बारा जणींचा गट आहे. दरमहा दोनशे रुपये बचत, तीन वर्षं झाली. बचत झाली 86,400 रुपये आणि अंतर्गत कर्जाचं व्याज धरून निधी लाखाच्या आसपास गेला. गटाने वर्षाला चारशे किलो चटणी करायची ठरवलं. पुढचे दर मी हिशेबासाठी धरले आहेत, प्रत्येक गटाने आपल्या बाजारातले घालावेत. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धने, तीळ आणि गरम मसाला मिळून किलोमागे 280 रुपये. कांडप 30, पाकीट आणि लेबल 20, वाहतूक आणि विक्रीखर्च 20. देठ खुडणं, वाळवणं, कांदा तळणं, भरणं याची मजुरी 40. एकूण 390. सरासरी विक्री 450 रुपयांनी झाली, तर किलोमागे 60 रुपये सुटतात आणि चारशे किलोला 24,000 रुपये.

इथे पहिला आक्षेप येतो: घरच्याच बायका आहेत, मजुरी कशाला धरायची? ती वगळली की नफा 40,000 दिसतो आणि कागद देखणा होतो. पण ते सोळा हजार म्हणजे रोजाला 320 रुपये धरले तर पन्नास दिवसांचं काम आहे. ज्या बाईने हळद काढणीचा रोज सोडून मिरचीचे देठ खुडले, तिला तो रोज मिळाला नाही तर दुसऱ्या वर्षी ती येत नाही. धंद्यात मजुरी सुटत नसेल, तर ते पहिल्याच वर्षी कळलं पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गटाजवळ लाखाची बचत असताना बँकेचं कर्ज कशाला, असं जुन्याजाणत्या बायकाच विचारतात. उत्तर वहीत आहे. तो लाख तिजोरीत पडून नसतो. तो कुणाच्या दवाखान्यात, कुणाच्या शेळीत, कुणाच्या मुलाच्या फीमध्ये अंतर्गत कर्ज म्हणून फिरत असतो. तो गोळा करून मार्चमध्ये मिरचीत घातला, तर जूनमध्ये पेरणी आणि शाळा एकदम येतात आणि गटाजवळ द्यायला काही नसतं. ज्या गरजेसाठी गट उभा राहिला ती भागवायला बाई पुन्हा सावकाराकडे किंवा खाजगी फायनान्सवाल्याकडे जाते. म्हणून बचतीची वही आणि धंद्याची वही वेगळी हवी. धंद्याने गटाकडून पैसे घ्यायचे असतील तर ते एखाद्या सभासदाने घ्यावेत तसे घ्यावेत: ठराव करून, व्याजाने, मुदत ठरवून.

आता मूळ मुद्द्यावर येतो. साहित्य 1,12,000, कांडप 12,000 आणि मजुरी 16,000, म्हणजे 1,40,000 रुपये पहिलं पाकीट विकण्याआधी घालावे लागतात. आणि विक्री कधी होते? उन्हाळ्यात घरोघर स्वतःची चटणी कुटलेली असते, त्यामुळे गावात एप्रिल-मेमध्ये विकत घेणारं कोणी नसतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे, खाणावळी आणि ढाबे थोडं नेतात. खरी मागणी घरातली बरणी तळाला गेल्यावर, दिवाळीपासून पुढे येते. अशा धंद्याला बँकेने मासिक हप्त्याचं मुदत कर्ज दिलं, सात टक्क्यांनी चोवीस महिन्यांचं, तर हप्ता सव्वासहा हजारांच्या पुढे जातो आणि तो एप्रिलपासूनच सुरू होतो. गटाची महिन्याची बचत आहे 2,400. मग काय होतं? बायका आपापल्या मजुरीतून आणि दुधाच्या पैशातून वर्गणी काढतात, अंतर्गत कर्जं थांबतात आणि हप्ता वेळेवर जातो. बँकेच्या खात्यात परतफेड शंभर टक्के, आणि चटणी घरात. दुसऱ्या वर्षी धंदा बंद पडतो, पण कर्ज फिटलेलं असल्याने ते कुणाच्या अहवालात येत नाही. हे ओळखायला हप्त्याची पावती पुरत नाही. त्या महिन्याची धंद्याची विक्री तिच्याशेजारी ठेवून पाहावी लागते.

यावर उपाय उपलब्ध आहे. दीनदयाळ अंत्योदय योजनेखाली, म्हणजे आपल्याकडच्या ‘उमेद’मध्ये, गटाला मुदत कर्जाऐवजी कॅश क्रेडिट मर्यादा देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांतच आहे. मार्चमध्ये उचल करायची, विक्री होईल तसे पैसे भरायचे आणि जेवढी रक्कम बाहेर आहे तेवढ्यावरच व्याज द्यायचं. वरच्या हिशेबात वर्षाचं व्याज पाच-सहा हजारांत बसतं. दहा लाखांपर्यंत तारण मागायचं नाही आणि गटाच्या बचत खात्यावर बोजा ठेवायचा नाही, हेही तिथे लिहिलेलं आहे. बचत मुदत ठेवीत अडकवा, मग कर्ज देतो, असं कुठे सांगितलं गेलं तर हे नियम दाखवावेत.

व्याज जाऊन अठरा हजार उरतात. एकूण विक्री 1,80,000 आहे, तिचा दहावा भागही अठरा हजारच. म्हणजे दहा पाकिटांमागे एकाची उधारी बुडाली की वर्षाची शिल्लक गेली. किती उधारी द्यायची, कुणाला आणि किती दिवस, हा आराखड्यातला मुख्य परिच्छेद असायला हवा. बहुतेक नमुना-आराखड्यांत त्याला जागाच नसते, जागा असते ती यंत्राला. प्रक्रिया उद्योगाच्या योजनेत 35 टक्के अनुदान मिळतं म्हणून कांडप यंत्र घ्यायचं ठरतं. पण चारशे किलोचं कांडप बाहेर 12,000 रुपयांत होतं. स्वतःच्या यंत्राने वीज आणि चालवणारी बाई धरून त्यातले निम्मे वाचले, तरी अनुदान वजा जाऊन यंत्रासाठी लाखाचं कर्ज उरलं, तर त्याचं वर्षाचं व्याज सात हजार होतं. हंगामात गावाची मिरची कुटून देण्याचं काम खात्रीने मिळणार असेल तरच यंत्र परवडतं.

कर्ज सगळ्यांत सारखं वाटून घेणं हेच न्याय्य, असंही म्हटलं जातं. दीड लाखाचे बारा वाटे केले की साडेबारा हजार येतात. त्यातून घरची गरज भागते, आणि ती गरज खोटी नाही. तेवढीच हवी असेल तर तसं लिहून कर्ज घ्यावं, चटणीचा आराखडा जोडू नये. धंद्यात सहा जणी उतरल्या आणि सहा जणी बाहेर राहिल्या तरी चालतं. मात्र बँकेपुढे जबाबदारी बाराही जणींची असते, म्हणून बाहेरच्या सहा जणींना दर बैठकीत धंद्याची वही पाहण्याचा आणि थांबा म्हणण्याचा हक्क ठरावाने मिळाला पाहिजे. उदाहरणार्थ, दिवाळीच्या महिन्याअखेर दीडशे किलो विकली गेली नाही, तर पुढच्या मार्चची खरेदी निम्म्यावर.

हा हिशेब बायकांना झेपेल का, हा शेवटचा आक्षेप म्हसवडने केव्हाच निकालात काढला आहे. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माण तालुक्यातल्या बायकांनी बँकेचा परवाना मागितला, तेव्हा प्रवर्तक निरक्षर म्हणून अर्ज नाकारला गेला. बायका पुन्हा गेल्या आणि व्याजाचं गणित तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब न येणं ही अडचण तिथे नव्हती, इथेही नाही. अडचण ही आहे की आराखडा दुसराच कुणी भरतो आणि बायका सही करतात.

ताईंनो, मिरची बाजारात येण्याआधीच्या बैठकीत तो कागद मोठ्याने वाचायला लावा. एप्रिल ते दिवाळी या प्रत्येक महिन्यात बँकेचे पैसे कशातून भरायचे, हे त्यात लिहिलेलं नसेल तर सही करू नका.