दीडशे शब्दांचे सरोवर

मराठीच्या प्राध्यापकाला दर वर्षी एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "सर, मला वर्तमानपत्रात उमेदवारी करायची आहे. माझी भाषा बरी आहे ना?" भाषा बहुधा बरी असतेच. उमेदवाराचे घोडे अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. विषय ही एक वस्तू आणि बातमी ही दुसरी, हा भेद त्याच्या गावी नसतो. आम्हां लोणारकरांना तो समजावून द्यायला फार लांब जावे लागत नाही. आमचे सरोवर हा बारमाही विषय. पण 2020 सालच्या जून महिन्यात त्याचे हिरवट पाणी गुलाबी झाले, आणि विषयाची बातमी झाली.

आमची एक विद्यार्थिनी तेव्हा एका दैनिकात उमेदवारी करीत होती. टाळेबंदी नुकतीच सैल होऊ लागलेली. कचेरीत जाणे नाही, सारा कारभार फोनवर. आणि आमच्या आळीत फोन नीट लागायचा तो आमच्याच गच्चीवर! त्यामुळे संपादक महाशय आणि ही मुलगी यांचा संवाद मला आपोआप ऐकायला मिळाला.

सकाळी अकराला तिने सुरुवात केली, "साहेब, लोणार सरोवरावर काहीतरी लिहू का?"

"सरोवर तिथं कधीपासून आहे?" पलीकडून प्रश्न आला.

"हजारो वर्षांपासून."

"मग आजच्या अंकात कशाला घ्यायचं?"

फोन बंद. मुलगी हिरमुसली. तरी दहा मिनिटांनी पुन्हा फोन, "साहेब, पाणी गुलाबी झालंय!"

या वेळी फोन बंद झाला नाही. प्रश्नांची सरबत्ती झाली. तू स्वतः पाहिलंस का? रंग कधीपासून दिसतोय? जबाबदार माणूस कोण, आणि तो काय म्हणतो? तू मला काय देणार, आणि किती वाजता?

वाचकहो, बातमी सुचवणे म्हणजे या प्रश्नांची उत्तरे आधीच खिशात घेऊन जाणे. संपादकाला आपल्या उत्साहाशी कर्तव्य नसते. त्याच्यापुढे पान असते, पानावर जागा असते, आणि त्या जागेत संध्याकाळी नक्की काय येणार हे त्याला सकाळीच कळायला हवे असते. मुलीने वहीत चार ओळी खरडल्या आणि तिसऱ्यांदा फोन लावला.

"साहेब, सरोवराचं पाणी गुलाबी दिसतंय. मी काठावर जाऊन पाहते. वनखात्याच्या अधिकाऱ्यांना विचारते, आणि पाण्याचा अभ्यास असलेल्या एका प्राध्यापकांशी बोलते. सहाला दोनशे शब्द आणि एक फोटो देते."

"दीडशे शब्द. साडेपाचला. आणि कारण माहीत नसेल, तर माहीत नाही असं लिही."

हे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटले. त्याची किंमत मुलीला दुपारी कळली. काठावर रंगाबरोबर कारणांचाही सुकाळ होता. कुणी म्हणे, लवणासुराचे रक्त वर आले. कुणी म्हणे, पाण्यात कुणीतरी रसायन ओतले. प्राध्यापकांचे बोलणे त्या मानाने पुष्कळ शास्त्रशुद्ध. पाऊस कमी, उन्हाळा कडक, त्यामुळे पाणी आटले आणि क्षार वाढले. अशा पाण्यात एक प्रकारचे शैवाल वाढते, ते कदाचित कारण असावे. मुलगी घाईघाईने परतली आणि वहीत मथळा लिहिला, 'शैवालामुळे सरोवर गुलाबी'.

मी तिला एवढेच विचारले, "त्यांनी पाणी तपासलंय का?"

"नाही. फोनवर बोलले."

"मग ही माहिती झाली की अंदाज?"

बातमीदाराच्या हाती हीच एक कसोटी असते. बोलणारा माणूस विद्वान आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा; त्याला हे कळले कशावरून, हा आधीचा. पाहून, मोजून, तपासून कळले असेल तर माहिती; नाहीतर तो अंदाज. अंदाज छापू नये असे नाही. पण तो अंदाज म्हणून, सांगणाऱ्याच्या नावानिशी, आणि खालच्या परिच्छेदात छापावा. मथळ्यात नव्हे.

आता लिहिणे. पहिला मजकूर तिने आमच्या शिकवणुकीला शोभेल असाच लिहिला होता. आरंभी उल्कापात, मग सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर, मग दैत्यसूदनाचे मंदिर. आणि गुलाबी रंग थेट सहाव्या ओळीत! निबंधात हे खपते. बातमीत खपत नाही, कारण पान लावणाऱ्याला जागा कमी पडली की तो खालून कापतो. म्हणून सर्वांत महत्त्वाचे सर्वांत वर. खालच्या ओळी गेल्या तरी उरलेली बातमी आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे.

उल्कापाताच्या ओळीत आणखी एक काटा होता. तिने विवराचे वय 50 हजार वर्षे दिले होते. काही अभ्यासक तेवढेच सांगतात. पण 2011 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे निघाले. असा वादाचा आकडा दीडशे शब्दांत उलगडत बसायचा नसतो. आजच्या बातमीला त्याची गरज नव्हती, तो गाळला.

पाच वाजून वीस मिनिटांनी जो मजकूर गेला, त्याचा आरंभ असा होता: "लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आहे. रंग बदलण्याचे कारण अद्याप स्पष्ट झालेले नाही. पाण्याचे नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्यात येतील, असे वनखात्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितले." पुढच्या परिच्छेदात काठावरून दिसलेले दृश्य, त्यापुढे प्राध्यापकांचा अंदाज, 'असावे' या शब्दासकट, आणि तळाशी विवराची दोन ओळींत ओळख. दुसऱ्या दिवशी अंकात तळाच्या दोन ओळी कापल्या गेल्या होत्या. बातमीला ओरखडाही उठला नव्हता.

मुलगी मात्र थोडी खट्टू होती. शैवालाचा मथळा अधिक रुबाबदार दिसला असता, असे तिला वाटत होते. पण पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी'कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही प्रकरणात लक्ष घातले. जुलैत आघारकर संस्थेचा निष्कर्ष बाहेर आला. रंग शैवालाचा नव्हताच. तो होता खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या 'हॅलोआर्किया' नावाच्या सूक्ष्मजीवांचा. क्षार वाढल्यामुळे त्यांची संख्या बेसुमार वाढली होती. हे जीव तळाशी बसले की वरचे पाणी नितळ होते, असेही आढळले. म्हणजे प्राध्यापकांचे वाढत्या क्षारांबद्दलचे म्हणणे बरोबर होते, शैवालाचे चुकले. 'असावे' म्हणणाऱ्या त्या सज्जनांना कुणी बोल लावला नाही. पण तोच अंदाज ठाम मथळा होऊन गेला असता, तर मुलीच्या पहिल्याच बातमीवर खुलासा छापायची पाळी आली असती.

आणि जुलैतली ती दुसरी बातमी सुचवायला तिला काहीच सायास पडले नाहीत. पहिल्या दिवशी वहीत तिने एक ओळ वेगळी लिहून ठेवली होती: 'नमुन्यांचा अहवाल केव्हा?' दर आठवड्याला ती तेवढेच विचारीत राहिली. छापलेल्या बातमीत जो प्रश्न अनुत्तरित राहतो, तोच पुढच्या बातमीचा विषय. संपादकांना तिने या वेळी एकच वाक्य सांगितले, "साहेब, कारण कळलंय, आणि ते प्रयोगशाळेनं सांगितलंय."

पलीकडून एकच प्रश्न आला, "किती वाजता देतेस?"