मुदत संपली, पॉलिसी नाही
रत्नागिरीत गणपतीला मुंबईहून आलात की आई-बाबांच्या कपाटातले एलआयसीचे बाँड एकदा काढून बघा. त्यावर ‘जीवन आनंद’ किंवा ‘नवीन जीवन आनंद’ लिहिलेले असेल, तर मुदतीचे पैसे मिळाल्यावरही तो बाँड जपून ठेवा. बाबांना असे सांगा: समजा, विमा दोन लाखांचा, मुदत वीस वर्षांची. बोनस दर हजारी दिला जातो. सोयीसाठी तो वर्षाला 45 रुपये धरू, म्हणजे दोन लाखांवर वर्षाला नऊ हजार. त्यावर व्याज चढत नाही, म्हणून वीस वर्षांचे एक लाख ऐंशी हजार. मुदतीअखेर हातात तीन लाख ऐंशी हजार. बोनस दरवर्षी नव्याने जाहीर होतो, त्यामुळे खरा आकडा एलआयसीच्या शाखेतूनच घ्यावा. आता बहुतेकांच्या लक्षात न राहणारा भाग. हप्ते थांबतात, पण विमा थांबत नाही. पुढे बाबा केव्हाही गेले, तरी वारसदाराला मूळ दोन लाख मिळतात, बोनसशिवाय. हप्ते मध्येच बंद पडले असतील तर ही रक्कम कमी होते. मला खरी काळजी वाटते ती वारसदाराच्या नावाची. तिथे अजून बाबांच्या आईचे नाव असते, आणि आजी जाऊन कितीतरी वर्षे झालेली असतात. बाबांची सही चालते आहे तोवर शाखेत अर्ज देऊन ते बदलून घ्या, आणि बाँड कुठे ठेवलाय ते आईला दाखवा.