बॅगचा पट्टा तुटत नाही, कापड फाटतं: तीस रुपयांची टीप मारणं बंद करा

मागच्या व्हिडिओत स्कूल बॅगचा पट्टा दुरुस्त करून दाखवला, आणि खाली सगळ्यात जास्त एकच प्रश्न आला. सर, दहा मिनिटांत वरून दोन टिपा मारून तीस रुपये घेता येतात, मग तुम्ही अर्धा तास का घालवता?

माझं मत स्पष्ट आहे. वरून मारलेली टीप म्हणजे दुरुस्ती नाही. त्याच गिऱ्हाइकाला पंधरा दिवसांनी परत बोलावायची ती सोय आहे. आणि परत आल्यावर तो पैसे देत नाही, वर चार लोकांना सांगतो. जालना जिल्ह्यात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. एस.टी.तून येणारी पोरं बॅग एकाच पट्ट्याने उचलतात आणि गर्दीत तशीच ओढतात. केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात पोराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वजन बॅगेत नको असं म्हटलंय. म्हणजे ४० किलोच्या पोराला ४ किलो. आता वह्या, पुस्तकं, डबा आणि पाण्याची बाटली भरलेली एखादी बॅग हातात धरून बघा, मग पट्ट्यावर काय ताण येतो ते कळेल.

काम घ्यायच्या आधी एक गोष्ट बघा, आणि ती गिऱ्हाइकासमोरच बघा. तुटलेलं टोक उलटं करा. तिथे छिद्रं शाबूत आहेत आणि दोऱ्याची तुटकी टोकं लोंबतायत, तर दोरा गेलाय, कापड चांगलं आहे. पण दोरा अजून शिलाईत अखंड आहे आणि त्याला कापडाचे तंतू चिकटून आलेत, तर कापड फाटलंय. पहिलं काम सोपं, दुसरं खरं. माझ्याकडे येणाऱ्या बॅगांत दुसऱ्याच प्रकारच्या जास्त असतात. आणि गंमत म्हणजे (गिऱ्हाइकाला गंमत वाटत नाही) फाटलेल्या कापडावर जितक्या जास्त टिपा माराल, तितकं ते लवकर जातं. पोस्टाच्या तिकिटाला भोकांची रांग कशासाठी असते? ओढलं की तिथेच फाटावं म्हणून. जवळजवळ मारलेली बारीक टीप कापडाचं तेच करते.

आता एक काम घेऊन सांगतो. आठवीतल्या मुलाची बॅग, पॉलिस्टरच्या मॅटी कापडाची. उजवा पट्टा वरून, पाठीच्या भागाच्या शिवणीतून उपटून आलेला. सोबत कापडाची झालर. म्हणजे प्रकार दुसरा. पट्ट्याच्या मागे तीन इंच रुंदीत शिवणीची कड विरली होती.

आधी चिमटीत धरून ओढून बघितलं. फाटलेल्या जागेपासून इंचभर खाली कापड धरायचं आणि जोरात ताणायचं. चर्रर आवाज आला किंवा आतला लेप पापुद्र्यासारखा सुटला, तर काम घेऊ नका, तसं तोंडावर सांगा. या बॅगेचं कापड घट्ट होतं.

मग बॅग उलटी केली. आतली गोटाची पट्टी आणि शिवण, फाटक्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्त, उसवली. इथेच शॉर्टकट मारणारे चुकतात. शिवण न उघडता आतून आधार देता येत नाही, आणि आधाराशिवाय पट्टा पुन्हा त्याच विरलेल्या कडेवर टांगला जातो. झालर कातरून टाकली आणि कड लायटरने हलकी शेकली. जास्त शेकू नका. पॉलिस्टर वितळून कडक गोळी झाली की सुई तिथे अडखळते आणि कापड तिथूनच मोडतं. झटपट चिकटणारा डिंक पण नको. सुकला की कापड कुरकुरीत होतं.

आता ठिगळ. पाच इंच रुंद, तीन इंच उंच, तशाच जाड मॅटीचं. पाठीच्या भागाला आतून लावायचं आणि त्याची वरची कड शिवणीत जाईल अशी ठेवायची. खाली आणि दोन्ही बाजूंना, ठिगळाच्या कडेपासून अर्धा इंच आत, चांगल्या कापडावर दोन-दोन टिपा. पट्ट्याचा ताण आता तीन इंचांच्या कमजोर कडेवर न येता ठिगळभर पसरतो. माझ्या दृष्टीने दुरुस्तीतलं खरं काम इथेच होतं. पुढची फुली गिऱ्हाइकाला दिसते म्हणून लोक तिचंच कौतुक करतात.

पट्ट्याच्या टोकातला फोम दोन इंच कापून काढा. फोमसकट शिवायला गेलात तर मशीनचा पाय चढत नाही, टाके सुटतात. सपाट झालेलं टोक पाठीवर ठेवा, अर्धा इंच शिवणीत, दीड इंच खाली. पट्टा इंचभर आखूड होतो. खालच्या बक्कलातून दोन्ही पट्टे सारखे करून द्या, नाहीतर आई दुसऱ्या दिवशी येते, "एक खांदा वर, एक खाली दिसतोय."

सुई आणि दोरा हा विषय बऱ्याच जणांना गोंधळात टाकतो, कारण दोघांचे नंबर उलटे चालतात. सुईचा नंबर मोठा तशी सुई जाड. दोऱ्याच्या टिकटाचा नंबर मोठा तसा दोरा बारीक. शर्ट शिवायला साधारण १२० टिकट वापरतात. बॅगसाठी ४० टिकट पॉलिस्टर घ्या आणि सुई १८ नंबर, साध्या टोकदार टोकाची. चामड्याची सुई नको, तिचं टोक कापतं आणि मॅटीचे धागे तुटतात. गोणी शिवायची दाभण तर अजिबात नको. भोक एवढं मोठं पडतं की दोरा त्यात खेळत राहतो.

सुई-दोऱ्याची जोडी जमते का, हे नंबर न बघताही कळतं. दोरा सुईत ओवून दोन्ही हातांत तिरका ताणून धरा. सुई आपोआप घसरत खाली आली तर जोडी बरोबर. अडकली तर सुई बारीक आहे, शिवताना दोरा पिंजारतो आणि मध्येच तुटतो.

सुती दोरा घामाने आणि ओलीने कुजतो, म्हणून नाही. नायलॉन मजबूत असतो हे खरं, पण तो उन्हाने लवकर कमजोर होतो आणि गुळगुळीत असल्यामुळे गाठ सुटते. आपल्याकडची बॅग दिवसभर सायकलच्या कॅरिअरवर उन्हात पडलेली असते. मी पॉलिस्टरच घेतो. काही जण मासे पकडायचा गळाचा दोरा वापरतात, तुटत नाही म्हणून. तो तुटत नाही, कापड कापतो.

टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर, म्हणजे इंचाला सात-आठ टाके. बारीक टाका मजबूत ही समजूत कॉलर शिवताना ठीक आहे, इथे नको. आता चौकट आणि फुली. पट्ट्याच्या कडेपासून तीन मिलिमीटर आत, इंचभर उंचीची चौकट. एका कोपऱ्यातून सुरू करा, चारही बाजू फिरून त्याच कोपऱ्यात या, तिथून समोरच्या कोपऱ्यात तिरकं जा, एका बाजूवरून पुढच्या कोपऱ्यात या आणि दुसरं तिरकं मारून संपवा. दोरा कुठेच तोडायचा नाही. सुरुवातीला आणि शेवटी तीन-चार टाके मागे घेऊन पक्के करा, पण एकाच कोपऱ्यात पाच वेळा जाऊन भोकांचा चुरा करू नका. चौकट सरळ ओढ घेते. पोरगं बॅग एका बाजूने खेचतं तेव्हा तिरक्या टिपा ताण वाटून घेतात. शेवटी वरची शिवण दोन टिपांनी बंद करा आणि गोट परत लावा.

घरची काळी मशीन हे करते, पण पळवू नका. जाड जागी चाक हाताने फिरवा. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. खालच्या बाजूला दोऱ्याचे लूप दिसले तर वरचा ताण वाढवा. मशीन तयारच नसेल, तर हाताने दोन सुयांची शिलाई करा: बारीक आरीने चार-पाच मिलिमीटरवर भोक पाडायचं आणि एकाच दोऱ्याच्या दोन टोकांच्या दोन सुया त्याच भोकातून समोरासमोर न्यायच्या. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. धावदोऱ्यात एक टाका गेला की पूर्ण ओळ सैल पडते.

द्यायच्या आधी बॅगेत तीन विटा कागदात गुंडाळून भरा, दुरुस्त केलेल्या पट्ट्याने खिळ्याला लटकवा आणि दहा झटके द्या. मग छिद्रं बघा. गोल असतील तर ठीक. लांबट झाली असतील तर कापड धरत नाहीये, ठिगळ मोठं करावं लागेल.

आता पैशाचं. ठिगळ, दोरा, सुईची झीज धरून समजा दहा रुपये, वेळ ३५ मिनिटं. तीस रुपये घेतले तर हातात वीस राहतात. तासाला पस्तीस रुपयेही पडत नाहीत. म्हणून लोक शिवण उसवत नाहीत, आणि त्यांना दोष देऊन उपयोग नाही, दरच चुकीचा आहे. मी सांगतो, दोन दर ठेवा. फक्त दोरा गेला असेल तर तीस. कापड फाटलं असेल तर ऐंशी, आणि तीन महिन्यांत तीच जागा सुटली तर फुकट. "सर, ऐंशी कोण देणार?" असं अंबडच्या एका ताईंनी विचारलंय. ताई, उलटं केलेलं टोक दाखवा, दोऱ्याला चिकटलेले तंतू दाखवा, चिमटीने ओढून दाखवा. आणि जो तरीही तीसच म्हणेल, त्याला नम्रपणे परत पाठवा. ते काम तुमच्या नावाने सुटायला नको.

बॅग हातात आहेच तर डावा पट्टाही तपासा. तो त्याच दिवशी, त्याच कारखान्यात, त्याच टाक्याने शिवलेला असतो. छिद्रं लांबट दिसली तर सोबत करून घ्यायला सांगा. मशीनला दोरा भरलेला आहे, ठिगळ कापायची कात्री बाहेर आहे, त्यामुळे दुसऱ्या पट्ट्याला पन्नास घेतले तरी तुम्हाला परवडतं.