पहिल्या गाण्यानंतर बाईंना काय सांगाल?

पालकहो, मुलगी पहिल्यांदा स्टेजवर गायली की आपण काय करतो? खाली उतरताच तिच्या हातात पुष्पगुच्छ देतो. "जा, बाईंना थँक्यू म्हण, फोटो काढते." बाई तेव्हा पेटीवर असतात, पुढच्या मुलाची पट्टी लावायची असते. बिचाऱ्या गुच्छ मांडीवर ठेवून हसतात! माझ्या मते हे आभार नव्हेत. बाईंनी नक्की काय केलं ते मुलीला कळलं, तरच ती आभार मानू शकेल.

यंदा गुरुपौर्णिमेला आमच्या शेजारची सातवीतली मुलगी भूप गायली. तीनतालातला छोटा ख्याल, जेमतेम सात मिनिटं. तीनतालाच्या 16 मात्रा. तिच्या बंदिशीचा मुखडा खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतो आणि पहिल्या मात्रेवर, समेवर येतो. दुसरी तान तिची एका मात्रेने लांबली. मग खाली कुठे गेली तेच कळेना. पोरगी गप्प! तबलावाले काकांनी लगेच साधा ठेका धरला. बाईंनी पुढच्या नवव्या मात्रेला पेटीवर मुखड्याचे सूर वाजवले. ते ऐकून ती त्यात शिरली आणि बरोब्बर समेवर आली. निम्म्या लोकांना तर काही झालं हे कळलंसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट. घरी ती काळी पाचमध्ये गायची. बाईंनी पंधरा दिवस आधीच तिला काळी चारवर आणलं, कारण घाबरलं की गळा आवळतो आणि वरचा सा ताणून लावावा लागतो. तेव्हा घरचे कुरकुरले होते, "आवाज खाली का आणला?" वरचा सा त्या दिवशी स्वच्छ लागला.

म्हणून मी तिला सुचवलं, आज फक्त नमस्कार कर, काकांनाही कर, आणि पुढच्या क्लासला चिठ्ठी घेऊन जा. शब्द तिचेच होते:

"बाई, माझी सम चुकली तेव्हा तुम्ही पेटीवर मुखडा वाजवलात, म्हणून मी परत येऊ शकले. काळी चार का घेतली तेही आता कळलं. काकांनी ठेका सोपा केला, त्यांनाही सांगा."

मुलांनो, तुमचं नृत्य असेल तर तिहाईत पाय चुकल्यावर पढंत करणाऱ्या ताईंनी बोल ठासून म्हटले होते का, ते आठवून लिहा. स्टेटसला "गुरुकृपा" टाकायचं तर टाका, पण बाईंना त्यातून काय कळणार?

शेजारणीने दक्षिणेचं पाकीटही नेलं होतं. बाईंनी ते बाजूला ठेवलं, चिठ्ठी दोनदा वाचली आणि पेटी पुढे ओढली.

"बस. ती दुसरी तान घे. यावेळी हाताने मात्रा मोजत."