शेतकरी एक, रिपोर्ट तीन कशाला?

जळगाव-धुळ्यात ऑनलाइन जाहिरात करणाऱ्यांचा एक ठाम समज आहे. क्लिकचा हिशेब जाहिरातवाल्याने ठेवावा, बाउन्स रेट आणि स्क्रोल वेबसाइटवाल्याने बघावे, अर्धवट सोडलेले फॉर्म दुकानातल्या माणसाने मोजावेत. तिघांचे आकडे खरे असले की निर्णयही खरा निघतो, असे ते मानतात. मला हे साफ चुकीचे वाटते. तीन खऱ्या आकड्यांतून एक खोटा निष्कर्ष सहज निघतो.

समजा, केळीची टिश्यू कल्चर रोपे विकणारी एक नर्सरी आहे. रावेर, यावल, चोपडा आणि पलीकडे शिरपूर इथली मृगबागेची मागणी तिला हवी आहे. तिने ‘केळी भाव’ आणि ‘केळी रोपे बुकिंग’ या दोन शब्दांवर जाहिरात लावली. पहिल्यावर ४ रुपये दराने ३०० क्लिक आले, दुसऱ्यावर १२ रुपये दराने १००. खर्च दोन्हीकडे १२०० रुपयेच. आकडे कल्पित आहेत, पण असा घोळ प्रत्यक्षात होतो.

जाहिरातवाला म्हणेल, भावाचा शब्द तिप्पट स्वस्त. वेबसाइटवाला म्हणेल, बाउन्स रेट ३४ टक्के, म्हणजे पान ठीक आहे, आणि बरेच लोक तळापर्यंत वाचतात. फॉर्म बघणारा म्हणेल, ५४ जणांनी सुरू केला, १० जणांनी भरला, तेव्हा फॉर्म छोटा करा. ऐकणारा मालक भावाच्या शब्दावरचा खर्च वाढवेल.

आता तेच आकडे शब्दानुसार एका तक्त्यात मांडू. भावाच्या शब्दावरून २६० भेटी: बाउन्स ३५ टक्के, तळापर्यंत गेलेले १३०, फॉर्म सुरू केलेले ४, भरलेला एकही नाही. बुकिंगच्या शब्दावरून ९० भेटी: बाउन्स ३० टक्के, तळापर्यंत फक्त १८, फॉर्म सुरू केलेले ५०, भरलेले १०. बाउन्स रेटने दोघांत फरकच दाखवला नाही. जीए४ मध्ये भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकली की ती बाउन्स धरली जात नाही, आणि भाव शोधणारा माणूस तेवढा वेळ पान चाळतोच. स्क्रोल तर उलटेच सांगतो. भाव कुठे दिलाय हे शोधत तो तळापर्यंत जातो. रोपे हवी असणाऱ्याला वरच फॉर्म सापडतो, त्याला खाली जायची गरज पडत नाही. खोल स्क्रोल म्हणजे रस, हे समीकरण इथे मोडते. ते मोडलेले दिसते ते फक्त जोडलेल्या रिपोर्टमध्ये.

‘एवढी जोडणी छोट्या धंद्याला परवडत नाही’, हा आक्षेप मी ऐकत आलो आहे. गूगल अ‍ॅड्स जीए४ला जोडून ऑटो-टॅगिंग चालू ठेवले की क्लिकच्या पत्त्याला `gclid` लागतो आणि भेट शब्दापर्यंत पोहोचवता येते. पान दुसरीकडे वळत असेल तर हा धागा तुटतो. पत्त्यापुढे `?gclid=test` जोडून पान उघडा. पान उघडल्यावर तो भाग गायब झाला असेल तर वळणातच खोट आहे. `scroll` ही घटना मुळात ९० टक्क्यांवरच नोंदली जाते. २५ किंवा ५० टक्के हवे असतील तर टॅग मॅनेजरमध्ये वेगळा ट्रिगर लावावा लागतो. `form_submit` वर डोळे झाकून विसंबू नये. काही फॉर्ममध्ये ती नोंद होतच नाही. सर्व्हरने फॉर्म स्वीकारल्यावरच स्वतःची घटना पाठवावी. हे एका दिवसाचे काम आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खान्देशातला शेतकरी फॉर्म सोडतो आणि फोन लावतो. हे खरे आहे, पण त्यातून जोडणीची गरज वाढतेच. बुकिंगच्या ४० अर्धवट फॉर्मांपैकी, समजा, ३० जण सातबाऱ्याचा फोटो मागणाऱ्या रकान्यावर थांबले आणि त्यांतल्या १२ जणांनी पानावरचा नंबर दाबला. मग १२ जण गेलेले नाहीत, ते फोनवर आले आहेत. व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा बाहेरचा क्लिक म्हणून आपोआप नोंदला जातो; `tel:` च्या दुव्यासाठी मात्र वेगळा टॅग हवा. रकान्याचे नाव पाठवा, त्यात टाइप झालेला मजकूर कधीही नाही. शेतकऱ्याचे नाव आणि नंबर जीए४मध्ये टाकणे गूगलच्या धोरणात बसत नाही.

मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. ३०० क्लिक आणि २६० भेटी यांतली तफावत पान लोड होण्याआधीच परतलेल्यांचीही असते. ती मोबाइलवर जास्त वाढली तर आधी पानाचा वेग तपासावा. नंबर कागदावर उतरवून नंतर फोन करणारा कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसणार नाही. आणि दहा भरलेल्या फॉर्मांवरून ‘रावेरपेक्षा शिरपूर चांगले’ असा निकाल कोणी देऊ नये. ती संख्या त्यासाठी फार तोकडी आहे.

पण भावाच्या शब्दावरचे १२०० रुपये थांबवायला आणि सातबाऱ्याचा फोटो बुकिंगनंतर मागायला एवढे आकडे पुरेसे आहेत. मृगबागेची लागवड जून-जुलैत होते आणि बुकिंग त्याआधीच संपते. तीन माणसे तीन रिपोर्ट घेऊन महिनाअखेरीस बसणार असतील, तर तोवर रोपे दुसऱ्या नर्सरीतून गेलेली असतील.