चार गोळ्या रोज, मग दोन

औषधाच्या माहितीपत्रकात जिव्हाळ्याची भाषा आली की मात्रेचा काटेकोरपणा सुटतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांची भीती निराधार नाही. पण डॉक्टरांसाठीचा मजकूर तसाच मराठीत उतरवून रुग्णाच्या हाती द्यायचा, हा त्यांचा उपाय मला साफ अमान्य आहे.

बेडाक्विलिनचेच घ्या. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचे हे नवे औषध 2016 पासून आपल्या सरकारी क्षयरोग कार्यक्रमात आहे. प्रौढांची रूढ मात्रा अशी: पहिले दोन आठवडे रोज 400 मिलिग्रॅम, पुढे आठवड्यातून तीनदा 200 मिलिग्रॅम. वाक्य बिनचूक आहे. पण भोकर तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर सोयाबीन काढणाऱ्या माणसाच्या हातात 100 मिलिग्रॅमची गोळी असते. त्याने गोळ्या किती घ्यायच्या? तीनदा म्हणजे सोम, मंगळ, बुध असे लागोपाठ चालेल का? चालत नाही, दोन मात्रांत किमान 48 तास हवेत, आणि तेच या वाक्यात नाही. तज्ज्ञाला अचूक वाटणारे वाक्य रुग्णाच्या घरी असे मोघम होते.

भाषा सोपी करू पाहणारेही चुकतात. ‘एखाद्या दिवशी राहिली तर काळजी करू नका, नंतर घ्या,’ असे प्रेमाने लिहिले, की माणूस दुसऱ्या दिवशी आठ गोळ्या घेईल. पहिल्या दोन आठवड्यांत चुकलेली मात्रा भरून काढायची नसते. या औषधाने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. ईसीजी वारंवार काढतात तो त्यासाठीच.

म्हणून जिव्हाळा कारण सांगताना यावा, आकड्यात नाही. सोमवारी सुरुवात असेल तर पत्रकात असे हवे: ‘पहिले 14 दिवस रोज 4 गोळ्या. पंधराव्या दिवसापासून फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार; दर वेळी 2 गोळ्या. इतर दिवशी ही गोळी नाही.’ ही वाक्ये कोरडीच राहू द्यावीत आणि पत्रकात जिथे येतील तिथे त्याच शब्दांत यावीत. त्याखाली मोकळेपणाने लिहावे: ‘गोळी जेवणासोबतच घ्या. उपाशीपोटी घेतली तर औषध अंगात कमी शोषले जाते. मळमळ झाली तर मनाने गोळी बंद करू नका, आम्हाला सांगा. छातीत धडधडले किंवा शुद्ध हरपली तर वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात या.’

मजकूर जमला की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवू नये. युरोपात अशी पत्रके साधारण 20 सामान्य वाचकांना देऊन प्रश्न विचारतात. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर किमान 16 जणांना सापडून नीट सांगता यावे लागते. ‘समजले का?’ या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी ‘सोळाव्या दिवशी, मंगळवारी, किती?’ असे विचारून गोळ्या तळहातावर मोजायला सांगा. नांदेड जिल्ह्यात वाटायचे पत्रक छापण्याआधी ही परीक्षा भोकरच्या रुग्णांसमोर, मराठीबरोबर तेलुगू आणि बंजारा बोलणाऱ्यांसमोरही घ्या, आणि एकाने जरी चुकीच्या गोळ्या मोजल्या तरी ते वाक्य पुन्हा लिहा.