गप्प बसणारा मुलगा

'तुमच्या मुलांत आत्मविश्वासच नाही,' असे प्राध्यापक मंडळी ऐकवतात तेव्हा मला चीड येते. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा, खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, पुण्याच्या वर्गात गप्प बसतो. अब्बा किंवा उस्ताद बोलताना मध्ये तोंड घालायचे नाही, हे त्याला कुणी बसवून शिकवलेले नाही. बघता बघता ते अंगवळणी पडले. या अंगात मुरलेल्या वळणालाच फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू 'हॅबिटस' म्हणतो.

मोहल्ल्यात हीच चुप्पी अदब ठरते. पण कॉलेज हे निराळे 'क्षेत्र'. तिथला डाव वेगळा, तिथे चालणारे नाणेही वेगळे. सरांना अडवून प्रश्न विचारणे, त्यांच्या खोलीत जाऊन शंका काढणे, याला तिथे भाव! वकिलाची मुलगी हे घरी जेवताजेवताच शिकून आलेली असते. माझ्या पाहण्यातली अशी दोघे लेखी परीक्षेत बरोबरीची होती. अंतर्गत गुण मात्र तिला 20 पैकी 18, याला 11. उणीव ज्ञानाची असती तर ती लेखी पेपरातही दिसली नसती का?

हॅबिटस बदलतो, पण फुकट नाही. बोर्द्यू स्वतः बेआर्नमधल्या टपाल कर्मचाऱ्याचा मुलगा. पॅरिसच्या नामांकित विद्यालयात पोहोचला, तरी आपला हॅबिटस दुभंगलेलाच राहिला असे त्याने लिहून ठेवले. आमचा पोरगाही सुट्टीत घरी आला की अब्बांसमोर काय बोलावे, हे त्याला सुचत नाही.

तेव्हा प्राध्यापक महाशय, बोलण्याला किती गुण आणि ते कसे देता, हे पहिल्या तासालाच फळ्यावर लिहा. त्याचा आत्मविश्वास नंतर मोजा.